वहीच्या पानांचे फोटो आहेत. शीर्षकं आणि मुद्द्यांसकट टाइप कसे करायचे?

सत्तरीची_चिमणी

नमस्कार मंडळी. मी वाळपईची, बी.ए.ला इतिहास घेतलाय. जुलैत डेंग्यूने अंथरूण धरलं आणि तेव्हाचे तास बुडाले. मैत्रिणीने तिच्या वहीचे फोटो व्हॉट्सॅपवर पाठवलेत, चाळीसेक असतील. अक्षर लागतं, पण फोटोंवरून अभ्यास काही होत नाही. एक मुद्दा शोधायचा तर दहा फोटो मागेपुढे सरकवत बसावं लागतं.

मला ते सगळं टाइप करून हवंय. मोठी शीर्षकं, पोटशीर्षकं आणि खाली टिंबं देऊन मुद्दे. चवथीच्या सुट्टीत उरकायचा विचार आहे. फोनमधल्या लेन्सने मजकूर उचलून बघितला. शब्द बऱ्यापैकी येतात, पण सगळे एकाखाली एक, कशाच्या खाली काय ते कळत नाही. टाइप मीच करेन, हाताला वेग आहे. फक्त सुरुवात कुठून करायची, आणि शीर्षक कशाला म्हणायचं नि मुद्दा कशाला, तेवढं सांगा.

शापोरा७७

एवढा विचार कशाला? फोटो गूगल ड्राइव्हवर चढव, उजवी क्लिक कर, `Open with`, मग `Google Docs`. वर फोटो दिसतो, खाली मजकूर. ऑफिसात मी रोज करतो. पाच मिनिटांचं काम आहे. चवथीत माटोळी बांध, अभ्यास नंतर.

अंत्रुजी

शापोरा, तुमच्या ऑफिसातले कागद छापील असणार, म्हणून जमतं. रस्ता चुकीचा नाही, अर्धा आहे. गूगलच्या मदतपानावरच लिहिलंय की ठळक अक्षरं, ओळी तुटण्याच्या जागा बहुधा टिकतील, पण याद्या, तक्ते आणि रकाने ओळखले जाण्याची शक्यता कमी. चिमणीला नेमकं तेच हवंय. शब्द मिळवणं ही तिची अडचण नाहीच, शब्दांचं एकमेकांशी नातं कसं ठेवायचं हा प्रश्न आहे.

वहीत ते नातं शब्दांत लिहिलेलंच नसतं. ते असतं जागेत आणि खुणांत. ओळ किती आत सरकवली, खाली एक रेघ की दोन, चौकट, बाण, समासातलं तिरकं वाक्य. यंत्र वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे वाचत जातं. माणूस बाण बघून वाचतो. म्हणून टाइप करायच्या आधी खुणा वाचायच्या. मी हे काम बरीच वर्षं करतेय. माझ्या पुतण्याला दिसत नाही, त्याच्या वर्गमित्रांच्या वह्या मी टाइप करून देते.

पण त्याच्याही आधी पानांचा क्रम लावून घे. व्हॉट्सॅपवरून उतरवलेल्या फोटोचं नाव `IMG-20240812-WA0013.jpg` अशा धर्तीचं असतं. त्यातली तारीख फोटो आल्याची, आणि `WA` पुढचा आकडा त्या दिवशी फोटो ज्या क्रमाने आले त्याचा. वहीतल्या पानाशी त्याचा काही संबंध नाही. मैत्रिणीने निवडताना बोट इकडेतिकडे लागलं असेल तर पान सात आधी आणि पान सहा नंतर.

सत्तरीची_चिमणी

अंत्रुजीताई, पानांवर नंबर घातलेलेच नाहीत. मग क्रम लावू कसा?

अंत्रुजी

आधी मैत्रिणीलाच विचार. ती वही चाळून दोन मिनिटांत सांगेल. ती गावाला गेली असेल तर पुढचं.

बांधणीची बाजू बघ. शिवण किंवा स्पायरल फोटोत डावीकडे असेल तर ते उघड्या वहीचं उजवं पान, उजवीकडे असेल तर डावं. मग शाई बघ. बॉलपेनने दाबून लिहिलं असेल किंवा कागद पातळ असेल तर पाठच्या पानावरची अक्षरं उलटी, फिकट दिसतात. एखादी चौकट किंवा मोठं शीर्षक असं आरपार दिसलं की कुठल्या पानामागे कुठलं पान ते पक्कं होतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे वाक्य. पान संपताना अर्धं राहिलेलं वाक्य दुसऱ्या कुठल्या पानाच्या माथ्यावर पुरं होतं ते शोध. क्रम लागला की फोटोंना ०१, ०२ अशी नावं दे. हे आकडे पुढे फार कामाला येतात.

जी पानं वाचायलाच त्रास होतो तेवढी तिला परत पाठवायला सांग, पण फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडून. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॅप तो दाबून लहान करतं, आणि शिसपेन्सिलीचं लिखाण असेल तर आधी तेच पुसट होतं. स्कॅनरच्या ॲपमधलं काळं-पांढरं फिल्टरही नको. त्यात पेन्सिल उडते आणि लाल शाई काळ्यात मिसळते. वर्गात लाल शाई उगाच कोणी काढत नाही, त्या रंगालाही अर्थ असतो.

हे झालं की एक पान इथे उतरव. शुद्ध करून नको. जसं आहे तसं, खुणांसकट.

मास्तर_पेडणे

मी सदतीस वर्षं शिकवलं. माझं मत विचारत असाल तर हे टाइप करण्याचं खूळ सोडा आणि हाताने दुसऱ्या वहीत उतरवून काढा. लिहिलेलं लक्षात राहतं. आजकालची मुलं फळ्याचाही फोटो काढतात, आणि तो फोटो पुन्हा कधी उघडत नाहीत.

तरी विचारलंच आहे तर एक सांगतो. शिक्षकाची बोलण्याची लकब ओळखा. मी फळ्यावर दोन रेघा मारायचो ते धड्याच्या भागाचं नाव असायचं. एक रेघ मारली की 'हे विचारतील'. मुलं दोन्ही सारखंच उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन गोंधळायची. ज्याच्याखाली रेघ आहे ते सगळं शीर्षक नसतं.

रोमटामेळ

चांगला धागा. माझ्याकडे आजोबांच्या हिशेबाच्या वह्या आहेत, मोडीत लिहिलेल्या. त्यांचे फोटो काढून देवनागरीत टाइप होतील का? काही पानांवर वाळवी लागलीय.

अंत्रुजी

रोमटामेळ, ते काम वेगळं. त्याला मोडी वाचणारा माणूसच हवा, आणि जमाखर्चाची पानं असतील तर टिंबांचे मुद्दे कामाचे नाहीत, रकानेच लागतील. पुराभिलेखवाल्यांकडे मोडी जाणणारे असतात, तिथे विचारा. वेगळा धागा काढलात तर मीही बघेन. वाळवीची पानं मात्र आजच बाकीच्यांपासून बाजूला काढा.

सत्तरीची_चिमणी

मास्तर, हाताने चाळीस पानं उतरवायची तर नरकासुर जाळायची वेळ येईल. 🙂

क्रम लागला. पाच पानं इकडची तिकडे होती. हे बघा फोटो १४, आहे तसं:

वर मधोमध, चौकटीत: ओपिनियन पोल १६ जाने. ६७
पार्श्वभूमी (खाली दोन रेघा)
मुक्ती १९ डिसें. ६१ → केंद्रशासित, दमण-दीवसह
६३ निवडणूक, मगो, भाऊ. मु.मं.
मगो = विलीनी.
यु.गो. = वेगळा गोवा. जॅक सिक्वेरा (नावाखाली एक रेघ)
कायदा ६६, संसद
मग पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे: विलीनी. / फूल / १,३८,?७०. उजवीकडे: केंद्रशा. / दोन पानं / १,७२,१९१
फरक ३४,०२१ (वर्तुळात)
तळाला तिरकं: भाऊ. राजीनामा डिसें. ६६ (तिथून एक लांब बाण वर जातो)
समासात, लाल शाईने: कौल का? निवडणूक का नाही?

प्रश्नचिन्ह घातलेला आकडा १ आहे की ९ ते कळत नाही. लेन्सने हेच पान असं दिलं: 'विलीनी. केंद्रशा. फूल दोन पानं १,३८,९७० १,७२,१९१ फरक ३४,०२१ भाऊ. राजीनामा डिसें. ६६'.

कुंकळ्ळीचो_वाघ

चौतीस हजारांचा फरक! त्यातही लोकांची किती दिशाभूल झाली होती ते कोणी लिहीत नाही. खरं तर त्या वेळी

व्यवस्थापक

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. विलीनीकरण बरोबर होतं की चूक यावर तीन जुने धागे आहेत, तिथे जाऊन भांडा. इथे टिपणांबद्दल बोला.

अंत्रुजी

चिमणी, पान अगदी बोलकं दिलंस. लेन्सने दिलेली ओळ परत वाच. निकाल, फरक आणि लगेच भाऊसाहेबांचा राजीनामा. कोणीही वाचलं तर समजेल की कौल हरले म्हणून राजीनामा दिला. घडलं ते उलट. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये, म्हणजे मतदानाच्या आधीच, राजीनामा दिला. महाराष्ट्रात विलीनीकरण फेटाळलं गेलं तरी पुढे १९६७ च्याच निवडणुकीत मगो, म्हणजे त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, पुन्हा सत्तेवर आला. तुझ्या मैत्रिणीला तास चालू असताना ते सुचलं किंवा सरांनी मागाहून सांगितलं असेल. जागा उरली होती तळाला, म्हणून तिने तिथे लिहिलं आणि बाण वर नेला. सगळा अर्थ त्या बाणात आहे. म्हणून मी प्रत्येक पानावर सगळ्यात आधी बाण शोधते, त्यांची टोकं कुठे पोचतात ते बघते आणि मगच पहिला शब्द टाइप करते. बाणाचं टोक नीट दिसत नसेल तर तारीख बघायची. इथे डिसें. ६६ हे जाने. ६७ च्या आधीचं आहे, म्हणजे ते निकालाखाली बसूच शकत नाही.

आता तुझा १ की ९. पानावरच उत्तर आहे. १,७२,१९१ मधून १,३८,१७० वजा केले की ३४,०२१ येतात. ९ धरलास तर ३३,२२१ येतील. वर्तुळातला फरक ३४,०२१ आहे, म्हणजे तो १ आहे. लेन्सने ९ दिला होता आणि तो वाचताना कुठेही खटकत नाही. शब्द चुकला तर डोळ्यांना सलतो, आकडा चुकला तर तसाच पचून जातो. म्हणून जिथे बेरीज, वजाबाकी किंवा टक्केवारी आहे तिथे ती करून बघायचीच. बाकीच्या आकड्यांसाठी टाइप झाल्यावर फोटो समोर ठेवून फक्त आकडे शेवटून सुरुवातीकडे ताडायचे. सरळ क्रमाने वाचलं की मन अर्थाकडे धावतं आणि डोळा सुटतो.

आता पातळ्या. कोऱ्या कागदावर फोटो १४ लिही आणि ओळींपुढे नुसते आकडे टाक. चौकट म्हणजे १, दोन रेघा म्हणजे २, बाकीचे मुद्दे. सिक्वेरांच्या नावाखालची एक रेघ म्हणजे मास्तर म्हणाले तसं 'लक्षात ठेव'. ते शीर्षक नव्हे. मी तिथे नाव ठळक करते, बस. शीर्षक आहे की नाही हे ठरवायला मी एकच विचारते. याच्याखाली निदान दोन गोष्टी येतात का? पार्श्वभूमीखाली येतात. सिक्वेरांच्या नावाखाली काहीच नाही, ते स्वतःच यु.गो., म्हणजे युनायटेड गोअन्स पक्षाखालचा मुद्दा आहे.

उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे मुद्दे टिंबं देऊन करू नकोस. डावीकडची आणि उजवीकडची प्रत्येक ओळ जोडीची आहे, पर्याय, चिन्ह, मतं. तिथे तीन ओळींचा तक्ता हवा. टिंबं दिलीस तर एका बाजूचं सगळं आधी येईल आणि तुलना मोडेल.

समासातला लाल प्रश्न तिने बहुधा परीक्षेसाठी लिहिलाय. तो धड्याचा भाग नाही, म्हणून शेवटी वेगळा ठेव.

आणि एक पथ्य. पानावर नसलेलं शीर्षक तुला घालावं लागेल. मगो आणि यु.गो. या दोन ओळींना पानावर नावच नाही. तसं घातलंस तर चौकटी कंसात घाल, म्हणजे सरांचं कुठलं नि तुझं कुठलं ते महिनाभराने वाचतानाही कळेल. माझ्या हिशेबाने हे पान असं होईल:

```
# ओपिनियन पोल, १६ जानेवारी १९६७

## पार्श्वभूमी

- १९ डिसेंबर १९६१ : मुक्ती
    - दमण-दीवसह केंद्रशासित
- १९६३ : निवडणूक
    - मगो सत्तेवर, भाऊसाहेब मुख्यमंत्री

## [दोन बाजू]

- मगो : विलीनीकरण
- यु.गो. : वेगळा गोवा
    - **जॅक सिक्वेरा**

## [मतदानाआधी]

- १९६६ : संसदेचा कायदा
- डिसेंबर १९६६ : भाऊसाहेबांचा राजीनामा

## [निकाल]

| पर्याय | चिन्ह | मतं |
|---|---|---|
| विलीनीकरण | फूल | १,३८,१७० |
| केंद्रशासित | दोन पानं | १,७२,१९१ |

- फरक : ३४,०२१

## [परीक्षेसाठी]

- कौल का? निवडणूक का नाही?

फोटो १४
```

शेवटी फोटोचा आकडा विसरू नकोस. शंका आली की थेट मूळ पानावर जाता येतं.

सत्तरीची_चिमणी

राजीनाम्याचं मी खरंच उलट समजले असते. देव बरें करूं, ताई. पण ते # आणि - कशाला? ते मला कागदावर छापून नकोय.

लिनक्सभाट

ते मार्कडाउन. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं आणि शेवटी एका आज्ञेत वर्डची फाइल बनवायची:

```
pandoc itihas.md -o itihas.docx
```

`#` चं खरंखुरं `Heading 1` होतं, `##` चं `Heading 2`, टिंबांची यादी आणि तक्ताही होतो. भावाच्या लॅपटॉपवर पॅनडॉक टाकून घे, फुकट आहे.

नवीन माणूस दोन ठिकाणी हमखास अडकतो. शीर्षकाच्या किंवा यादीच्या वर कोरी ओळ सोडली नाहीस तर पॅनडॉक ते वरच्या परिच्छेदाला चिकटवतं, आणि तुला मधेच `-` आणि `#` तसेच छापलेले दिसतात. दुसरं म्हणजे क्रमांक. `1.` लिहिलंस तर क्रमांकांची यादी बनते, `१.` लिहिलंस तर पॅनडॉकला ती साधी ओळ वाटते आणि खालचे सगळे मुद्दे एका परिच्छेदात गोळा होतात. क्रमवार घटना असतील तिथे आकडा इंग्रजी ठेव, वर्डमध्ये गेल्यावर देवनागरी कर.

शापोरा७७

बघा, मी पाच मिनिटं म्हणालो आणि तुम्ही त्या पोरीला आज्ञा टाइप करायला लावताय. सरळ डॉक्समध्ये लिही, शीर्षक निवडून मोठं आणि ठळक कर. झालं.

अंत्रुजी

पॅनडॉक नको असेल तर नको, तिथे शापोरांशी सहमत. डॉक्समध्ये थेट टाइप केलंस तरी चालेल. पण मोठं आणि ठळक करणं म्हणजे शीर्षक करणं नव्हे. दिसायला सारखंच दिसेल, पण फाइलच्या लेखी ती साधी ओळच राहते. ओळीवर उभी राहा आणि `Ctrl+Alt+1` दाब, पोटशीर्षकाला `Ctrl+Alt+2`. वर्डमध्येही हेच चालतं. लिब्रेऑफिसमध्ये `Ctrl+1` आणि `Ctrl+2`. टिंबांसाठी डॉक्समध्ये `Ctrl+Shift+8`, मुद्दा आत ढकलायला `Tab`, बाहेर काढायला `Shift+Tab`. ओळीच्या आधी स्पेस मारत बसू नकोस, पुढे एक ओळ घातलीस की सगळं वाकडं होतं.

फरक कुठे पडतो ते सांगते. माझा पुतण्या एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर ऐकतो. फाइल वर्डमध्ये उघडली, ब्राउझ मोड लावला की `H` दाबून तो एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. `2` दाबला की फक्त दुसऱ्या पातळीची शीर्षकं. नुसतं ठळक केलेलं असेल तर `H` दाबल्यावर पुढे शीर्षक नाही एवढंच ऐकू येतं, आणि त्याला चाळीस पानं पहिल्या ओळीपासून ऐकावी लागतात. एकदा एकाने त्याला अशी फाइल दिली होती. दिसायला सुरेख, रंगीत. त्याने पाचव्या मिनिटाला बंद केली.

तुझं डोळ्यांनी वाचायचं असलं तरी लागू आहे. खरी शीर्षकं दिलीस की डॉक्सच्या डाव्या बाजूला त्यांची यादी आपोआप उभी राहते, वर्डमध्ये `Navigation Pane` उघडलं की तीच. ओपिनियन पोलवर क्लिक केलं की तिथे. तू पहिल्याच पोस्टमध्ये जे रडगाणं गायलंस, दहा फोटो सरकवण्याचं, ते इथे मिटतं. आणि काम बरोबर झालंय का ते तपासायलाही तीच यादी बघायची. धड्यातला एखादा भाग तिथे दिसत नसेल तर त्याला शीर्षक द्यायचं राहिलंय. एखादं अख्खं वाक्य दिसत असेल तर मुद्दा चुकून शीर्षक झालाय.

मास्तर_पेडणे

हे मला माहीत नव्हतं. आमच्या शाळेत एक मुलगा होता, त्याला आम्ही टेपवर वाचून द्यायचो.

संक्षेपांबद्दल सांगायचं राहिलं. 'विलीनी.', 'मु.मं.', 'केंद्रशा.' हे पुरे लिहा, कारण परीक्षेत पुरे लिहायचे आहेत. पण खात्री असेल तरच. मुलं 'पो.' लिहितात, त्याचं पोर्तुगीजही होतं आणि पोलिसही. 'सा.' म्हणजे सालाझार की साष्टी ते मागच्यापुढच्या ओळीवरून ठरतं. साष्टी म्हणजे जुन्या काबिजादीतला तालुका, ते तास कुठल्या धड्याचे होते त्यावरही कळेल.

सत्तरीची_चिमणी

मास्तर, 'सा.' खरंच आहे हो! फोटो २२, 'सा. धोरण कडक'. सालाझारच असणार ना?

मास्तर_पेडणे

धोरण आहे म्हणजे सालाझार. तालुक्याला कुठलं आलंय धोरण?

अंत्रुजी

असं ठरवता येतं तिथे ठरवायचं. नाही आलं तर अंदाज बसवायचा नाही. मी `[?फ२२]` असं लिहून पुढे जाते. एकाच शब्दावर दहा मिनिटं घालवली की हात थांबतो. पुढच्या पानांवर तोच शब्द स्वच्छ लिहिलेला सापडतो, बऱ्याचदा. शेवटी `Ctrl+F` मध्ये `[?` शोधायचं आणि उरलेल्यांची यादी करून मैत्रिणीला एकदाच विचारायचं. प्रत्येक शब्दाला वेगळा मेसेज केलास तर ती तुझा फोन उचलणार नाही.

सत्तरीची_चिमणी

आता एक अडलंय. सरांनी मुक्तीचा लढा तीन वेगवेगळ्या दिवशी थोडा थोडा शिकवला, मधे जुन्या आणि नव्या काबिजादी आल्या. फाइलमध्ये तासांच्या क्रमाने ठेवू की विषयाप्रमाणे एकत्र करू?

लिनक्सभाट

विषयाप्रमाणे. शीर्षकं खरी असतील तर वर्डच्या त्या यादीत शीर्षक माउसने धरून वर ओढलं की खालचा सगळा मजकूर सोबत जातो. एका मिनिटात होतं.

मास्तर_पेडणे

तासांच्या क्रमाने. शिक्षक मधेच काबिजादी सांगतो ते उगाच नाही. बार्देश, तिसवाडी, साष्टी पोर्तुगिजांकडे सोळाव्या शतकापासून आणि पेडणे, सत्तरी, फोंडा अठराव्या शतकात गेले, हे कळल्याशिवाय लढ्यात सगळीकडे सारखं का नव्हतं ते कसं कळणार? तुम्ही ते उचलून दुसरीकडे नेलंत की दुवा तुटला.

लिनक्सभाट

मग दुव्यासाठी एक ओळ लिहा. परीक्षेत प्रश्न धड्यावर येतो, तासावर नाही.

अंत्रुजी

मी आधी तासांच्या क्रमाने पूर्ण टाइप करते, एक प्रत बाजूला ठेवते आणि मग हलवते. कुठल्या क्रमाने अभ्यास करायचा ते पुतण्यावर सोडते. तो तासांचाच ठेवतो, त्याचा मित्र विषयांचा करून घेतो. दोघं पास होतात.

मास्तर_पेडणे

पास होणं वेगळं.

सत्तरीची_चिमणी

बरं, ते माझं मी बघते. शेवटचं एक. फोटो ३१ वर हाताने काढलेला गोव्याचा नकाशा आहे, जुन्या काबिजादी रेषांनी भरलेल्या आणि नव्या कोऱ्या. तो टाइप कसा करू?

अंत्रुजी

नकाशा टाइप करू नकोस. फोटो चौकटीपुरता कापून तिथेच घाल आणि खाली दोन मुद्द्यांत तालुके लिही, रेषांचे कुठले नि कोरे कुठले. शोधताना चित्रातलं नाव सापडत नाही, मुद्द्यातलं सापडतं. तुला ही फाइल वर्गात कोणाला द्यायची असेल तर चित्रावर उजवी क्लिक करून `Alt Text` मध्ये तेच एका वाक्यात लिही. आणि तालुके लिहिताना तिने एखादा चुकीच्या बाजूला रंगवलाय का ते पुस्तकात बघून घे. घाईत सीमा सरकते, विशेषतः सांगे, केपे आणि काणकोणकडे.

सत्तरीची_चिमणी

बघितलं. केपे अर्धं रंगवलंय. मैत्रिणीला विचारते, सरांनीच तसं काढलं होतं का.